कोंकणी येत नसताना गोव्यात पहिलं काय बोललात? तुमचे अनुभव सांगा

मडगावहून, धागा काढणारी: जूनमध्ये आम्ही पुण्याहून इथे राहायला आलो. शेजारी एकट्या राहणाऱ्या ख्रिस्ती आजी. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी दिसल्या, तेव्हा पाठ केलेलं म्हटलं, "तुमी कशे आसात?" त्या हसून म्हणाल्या, "बरी आसां." मला वाटलं, आजारातून उठल्यात. मराठीत काळजीने विचारलं, "काय झालं होतं?" त्यांना काही कळेना. मग लक्षात आलं, आपलं 'बरी आहे' म्हणजे जेमतेम, त्यांचं 'बरी' म्हणजे छान! संध्याकाळी त्यांनी फणसाचे गरे आणून दिले. मी "देव बरें करूं" म्हटलं, तर त्यांनी माझा हात हातात घेतला.

ठाण्याहून: सोपं आहे, मराठीतल्या 'आ'चा 'ओ' करायचा. कसा-कसो, बरा-बरो. कोंकणी मराठीचीच बोली ना!

फोंड्याहून: पुरुषाशी बोलताना तुमची युक्ती चालते. पण 'बोली' हा शब्द गोव्यात कुणापाशी काढू नका, लोक मनापासून दुखावतात. साहित्य अकादमीने 1975 साली कोंकणीला स्वतंत्र भाषा मानलं, 1992 मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली.
खरी अडचण मुलींची. लहान मुलीला आम्ही "कशें आसा गो?" विचारतो, आणि ती आली की "तें आयलें" म्हणतो. माझी सोलापूरची वहिनी यावरून पहिल्या वर्षी रडली होती. तिच्या लेकीला सगळे 'ते' म्हणतात, म्हणजे वस्तू समजतात असं तिला वाटलं. आमच्याकडे त्यात माया असते.
आणि 'बरें' सपाट म्हणू नका. 'ब'मधला 'अ' ओठ गोल करून, शेवट नाकात.

सावंतवाडीहून: आमच्या मालवणीत 'कसो आसस'. म्हापशाच्या बाजारात तसंच विचारतो, मासेवाली लगेच ओळखते नि भावही नीट सांगते. माझ्या आजोळची बोली वेगळीच, त्यावर कुणी लिहील का?

पर्वरीहून: 'देव बरें करूं' ख्रिस्ती लोकच म्हणतात ना? मी हिंदू दुकानदाराला म्हटलं, तो "थँक्यू" म्हणाला.

फोंड्याहून: आमच्या हिंदू घरातही म्हणतात. सुट्टे पैसे परत मिळाले म्हणून मात्र कुणी म्हणत नाही, कुणी खरंच उपकार केले तर म्हणतात.

पर्वरीहून: आमच्या इमारतीत तरी कधी ऐकलं नाही.

मडगावहून, धागा काढणारी: आजींची नात पंचविशीची आहे, रविवारी येते. तिला 'कशी' विचारू की 'कशें'?

फोंड्याहून: घराघरात वेगळं असतं. ती आली की आजी "तें आयलें" म्हणतात की "ती आयली", ते कान देऊन ऐका.