ऑफ-पीक तिकिटावरचा ‘रूट’

“गर्दीची वेळ टाळणाऱ्या ऑफ-पीक तिकिटावर सकाळी साडेनऊनंतर लंडनहून बर्मिंगहॅमची कोणतीही गाडी चालेल का?”

वेळेइतकाच तिकिटावरचा ‘रूट’, म्हणजे कोणत्या मार्गाने किंवा कंपनीने जाता येईल ही अट, पाहावा. तिथे ‘एनी परमिटेड’, म्हणजे कोणताही मान्य मार्ग, असेल, तर लंडनच्या यूस्टन स्थानकाहून अवंती कंपनीची जलद गाडी किंवा मॅरिलबोन स्थानकाहून चिल्टर्न कंपनीची गाडी, दोन्ही चालतात. मात्र केवळ लंडन नॉर्थवेस्टर्न कंपनीपुरते असलेले स्वस्त तिकीट त्याच यूस्टनहून बर्मिंगहॅमच्या त्याच न्यू स्ट्रीट स्थानकाला जाणाऱ्या अवंतीच्या गाडीत अवैध ठरते. साडेनऊची मर्यादाही सर्वत्र सारखी नसते, आणि संध्याकाळी लंडनबाहेर पडतानाही निर्बंध असू शकतात, म्हणून तिकिटाचा निर्बंध-कोड तपासून घ्यावा. अ‍ॅडव्हान्स तिकीट तर नेमून दिलेल्या गाडीपुरतेच असते: आपल्यामुळे ती चुकली तर नवे तिकीट काढावे लागते, पण त्याच प्रवासातली आधीची गाडी उशिरा पोहोचल्यामुळे चुकली, तर त्याच कंपनीच्या पुढच्या गाडीने जाता येते.