मदत हवी आहे : प्रोटीन पावडरच्या दोन डब्यांची छायाचित्रे आणि लेबलावरचे न जुळणारे आकडे

वऱ्हाडी_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका खेड्यात शिक्षक आहे. माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करत असून त्याने व त्याच्या मित्राने मिळून तालुक्याच्या गावातील एका दुकानातून एक एक किलोचे, चॉकलेट चवीचे व्हे प्रोटीनचे दोन डबे घेतले. याच कंपनीचा, याच चवीचा एक डबा गेल्या वर्षी अमरावतीहून आणला होता व तो रिकामा झाल्यावर आमच्या घरी डाळ ठेवण्यासाठी वापरात आहे. नवे डबे त्याच्या शेजारी ठेवले तेव्हा शंका आली. नव्यांपैकी एक उघडला आहे, दुसरा अजून बंद आहे. छायाचित्रे जोडली आहेत.

मला खटकलेल्या गोष्टी अशा आहेत. जुन्या डब्यावर एक मात्रा ३० ग्रॅम व डब्यात ३३ मात्रा असे छापले आहे, तर नव्यावर मात्रा ३३ ग्रॅम आणि एकूण ३० मात्रा असे आहे. तरीही दोन्हींवर 'प्रति १०० ग्रॅम' हा रकाना अगदी तोच आहे : प्रथिने ८०, कर्बोदके ८, स्निग्धांश ५ आणि ऊर्जा ३९७ किलोकॅलरी. 'प्रति मात्रा' या रकान्यातही दोन्हीकडे प्रथिने २४, कर्बोदके २.४ व स्निग्धांश १.५ हेच आकडे आहेत. उघडलेल्या डब्याचे आतले सील एका झटक्यात अख्खे निघाले. बंद डब्याचे झाकण काढून पाहिले, तर सीलच्या कडेला एका बाजूला सुरकुत्या आहेत व पिवळसर धागा दिसतो. दोन्ही डब्यांच्या तळाशी बॅचचे कागदी स्टिकर आहे, जुन्या डब्यावर मात्र अंक थेट प्लास्टिकवर छापलेले होते. त्यातही दोन्ही नव्या डब्यांचा बॅच क्रमांक एकच आहे, हे मला सर्वांत संशयास्पद वाटले. स्कूपही वेगळा निघाला.

हे डबे बनावट आहेत का, हे छायाचित्रांवरून सांगता येईल का? भाच्याने उघडलेल्या डब्यातून चार दिवस घेतले आहे. मी सध्या थांबवले आहे.

खलबत्ता

मास्तर, पोरांना हे कशाला? भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ आणि घरचे दूध द्या. आमच्या काळात सोळाशे मीटर याच खाण्यावर धावत होतो.

वऱ्हाडी_मास्तर

भाऊ, आपला सल्ला पटतो, पण पैसे खर्च होऊन डबे घरात आलेले आहेत. तूर्त प्रश्न त्यांचाच आहे.

देशी_जिम

सील फुगलेले असेल तर डबा शंभर टक्के बनावट समजा. दुसरी खात्री टिंक्चर आयोडीनने होते. एक चमचा पावडर पाण्यात कालवून त्यात दोन थेंब टाका. निळे झाले तर पिठाची भेसळ, निळे नाही झाले तर माल शुद्ध.

लेबलवाचक

देशी_जिम यांच्या दोन्ही म्हणण्यांत अर्धेच तथ्य आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि ज्या गाडीत किंवा पत्र्याच्या दुकानात डबा राहतो तिथे तो त्याहूनही तापतो. आतली हवा प्रसरण पावली की अस्सल सीलही फुगते, म्हणून फुगवट्यावरून निकाल देऊ नये. आयोडीन मक्याच्या किंवा बटाट्याच्या पिठाला निळे करते, परंतु प्रोटीन पावडरीत स्वस्त भर घालायची असेल तर बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिठापासूनच बनवलेली भुकटी, वापरतात, आणि त्याच्या साखळ्या इतक्या लहान असतात की निळा रंग येतच नाही. आला तर फार तर तांबूस. तेव्हा निळे न होणे हे शुद्धतेचे प्रमाण नव्हे, आणि चॉकलेट चवीच्या पावडरीतल्या कोकोतही स्टार्च असतो, म्हणून निळे होणे हाही भेसळीचा पक्का पुरावा नव्हे.

गुरुजी, आपल्या छायाचित्रांत सर्वांत बोलका भाग आकड्यांचा आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो. मात्रा ३० ग्रॅमची असेल तर २४ ग्रॅम प्रथिने म्हणजे शंभरात ८०. हे जुन्या डब्यावर बरोबर बसते. मात्रा ३३ ग्रॅमची झाली तर तेच २४ ग्रॅम म्हणजे शंभरात सुमारे ७२.७, कर्बोदके ७.३, स्निग्धांश ४.५ आणि ऊर्जा सुमारे ३६१ यायला हवी. नव्या डब्यावर मात्रा बदलली, पण शंभर ग्रॅमचा रकाना ३० ग्रॅमच्या हिशेबाचाच राहिला.

आता घटकांची यादी पाहा. जुन्यावर आयसोलेट, म्हणजे अधिक प्रथिने असलेले व्हे, आधी आहे व कॉन्सन्ट्रेट, म्हणजे त्याहून कमी प्रथिनांचे व्हे, नंतर, नव्यावर उलट. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. ८० टक्क्यांचे म्हणून विकले जाणारे कॉन्सन्ट्रेट कोरड्या वजनावर ८० टक्के असते, आणि त्यात ओलावा व कोको आल्यावर एकट्या त्याच्यातून शंभरात ८० निघत नाही. म्हणजे कंपनीनेच कृती बदलून आयसोलेट कमी केले आणि २४ ग्रॅम कायम राखण्यासाठी मात्रा ३३ ग्रॅम केली, असेही असू शकते, आणि तसे असल्यास ७२.७ हा आकडा अगदी स्वाभाविक आहे. मग जुना रकाना तसाच राहणे ही छपाईची चूक की नक्कल करणाऱ्याने दोन वेगवेगळी लेबले एकत्र केल्याची खूण, हे आकड्यांवरून ठरत नाही. मला मात्र दुसरी शक्यता अधिक वाटते, कारण प्रामाणिक बदलात शंभर ग्रॅमचा रकानाच आधी मोजून लिहितात.

वऱ्हाडी_मास्तर

आभारी आहे. घटकांचा क्रम माझ्या लक्षातच आला नव्हता. स्कूपचे सांगायचे राहिले. जुन्या स्कूपच्या दांड्यावर ७० मिली लिहिले आहे, नव्यावर ६० मिली. गावातील सोनाराच्या काट्यावर सपाट भरून तोलले असता नव्या स्कूपमध्ये २६ ग्रॅम पावडर बसली. जुन्या स्कूपमध्ये ३० ग्रॅम बसायची, तेव्हा भाच्याने तोलून वहीत लिहून ठेवले होते. लेबलावर तर 'एक स्कूप म्हणजे ३३ ग्रॅम' आहे.

लेबलवाचक

७० मिलीत ३० ग्रॅम आणि ६० मिलीत २६ ग्रॅम, म्हणजे दोन्ही पावडरींची घनता जवळजवळ सारखीच आहे. पावडर सारखीच भुसभुशीत असून चमचा लहान आहे, एवढेच यावरून म्हणता येते. ३३ ग्रॅमसाठी ७७ मिलीच्या आसपासचा चमचा लागला असता. लेबल खरे मानले तरी भाच्याला एका स्कूपमधून २४ नव्हे, १९ ग्रॅमच प्रथिने मिळाली असतील. एकदा तोलून थांबू नका, पाच वेळा भरून सरासरी घ्या. डबा आपटला की पावडर दबते आणि दोन-तीन ग्रॅमचा फरक सहज पडतो. स्कूप वर होता की पावडरीत खोल, यावरूनही काही जण अस्सल-नकली ठरवतात, पण त्याला मी महत्त्व देत नाही, तो हालचालीने वरखाली होतो.

अमृता_ना

मी पूर्वी एका खाद्यपदार्थ कारखान्यात पॅकिंग विभागात काम केले आहे. सीलविषयी लिहिते. यात डिंक नसतो. झाकण लावलेला डबा विद्युत कुंडलीखालून जातो, चुंबकीय क्षेत्रामुळे ॲल्युमिनियमचा पत्रा तापतो आणि त्याच्या खालचा पातळ थर वितळून काठाला चिकटतो. म्हणून उकललेल्या डब्याच्या काठावर सगळीकडे सारख्या रुंदीचा वर्तुळाकार ठसा राहायला हवा. आपण सांगितलेला पिवळसर धागा मला डिंकासारखा वाटतो, परंतु दिलेल्या छायाचित्रात काठ इतका धुरकट आहे की मी पैज लावणार नाही. सील अख्खे निघणे हा दोष नव्हे, काही सील मुद्दाम तशीच बनवतात.

मास्तर, कृपया छायाचित्रे पुन्हा काढा आणि व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवून मग इथे चढवा, कारण चित्र म्हणून पाठवताना बारीक अक्षरे विरघळतात. सीलसाठी खोलीत अंधार करून विजेरी काठाच्या पातळीत, आडवी धरा, सुरकुती आणि चिकटपट्टी सावलीने उठून दिसेल. डबा गोल असल्यामुळे लेबल एका चित्रात मावत नाही, तेव्हा थोडा थोडा फिरवून चार चित्रे घ्या. बॅचचे स्टिकर सोलू नका. त्याच्याखाली जुने अंक दडलेले असतील, तर तेही आडव्या उजेडात उंचवट्यासारखे दिसतात.

बॅच क्रमांक एकच असण्यावरून मात्र घाबरू नका. एका बॅचमध्ये शेकडो डबे भरले जातात आणि एकाच दुकानात एका खोक्यातले डबे येणारच. खरवडून पाहायचा कोड प्रत्येक डब्याला निराळा असावा लागतो. तो दोन्हींवर सारखा आहे का, ते पाहा.

कृषीकेंद्रवाला

आमच्या धंद्यात बोगस बियाण्याची तक्रार आली की पहिला प्रश्न असतो : पिशवी आहे का, टॅग आहे का, पावती आहे का? शेतकरी बियाणे पेरून पिशवी फेकतो आणि मग लॉट क्रमांक कुठून आणायचा? तुमच्याकडे डबा आहे, पण पक्के बिल आहे का?

वऱ्हाडी_मास्तर

बिल नाही, दुकानदाराने साध्या कागदावर रक्कम लिहून दिली आहे. अमृताताईंनी सांगितल्याप्रमाणे विजेरीने पाहिले. स्टिकरखाली दोन ओळींचे ठिपके ठिपके उंचवटे दिसतात, त्यांपैकी शेवटचा अंक ३ किंवा ८ असावा. खरवडायचा कोड बंद डब्यावर अजून झाकलेला आहे, उघडलेल्यावर मुलांनी खरवडून स्कॅन केला होता व 'अस्सल' असे आले होते. स्कॅन केल्यावर उघडलेल्या संकेतस्थळाचे पत्त्याच्या पट्टीतले नाव मात्र कंपनीच्या नावापेक्षा एका अक्षराने लांब दिसते.

परवाना क्रमांक चौदा आकडी असून तो foscos.fssai.gov.in वर शोधला. कंपनीचे नाव व पत्ता जुळला.

लेबलवाचक

परवाना क्रमांक खरा असणे म्हणजे डबा खरा असणे नव्हे, तो अस्सल डब्यावरून जसाच्या तसा उतरवता येतो. पण संकेतस्थळाच्या नावात अक्षर जास्त असणे ही माझ्या मते आजवरची सर्वांत गंभीर खूण आहे. बंद डब्याचा कोड खरवडू नका. कंपनीच्या अधिकृत ग्राहक क्रमांकावर, म्हणजे जुन्या डब्यावर छापलेल्या क्रमांकावर, बॅच क्रमांक आणि तळाची छायाचित्रे पाठवा.

वऱ्हाडी_मास्तर

पाठवली. उत्तर आले की बॅच क्रमांक त्यांचाच आहे, मात्र मात्रा व १०० ग्रॅमच्या रकान्याविषयी 'तपासून कळवतो' एवढेच म्हणाले. दरम्यान दुकानदार बंद डबा परत घेऊन पैसे द्यायला तयार झाला आहे, उघडलेल्याचे देणार नाही. 'गुरुजी, आमच्याकडे माल सीलबंदच येते,' असे त्याचे म्हणणे. बंद डबा देऊन टाकू की पुरावा म्हणून ठेवू?

देशी_जिम

परत द्या आणि विषय संपवा. हजारो रुपयांचा प्रश्न आहे.

लेबलवाचक

घाई करू नका. खरेदीदाराला स्वतः नमुना तपासून घेण्याची सोय २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० मध्ये आहे, पण त्यासाठी तपासणीचा हेतू विकत घेतानाच दुकानदाराला सांगावा लागतो. आपल्या दोन डब्यांबाबत ती वेळ निघून गेली. अन्नसुरक्षा अधिकारी मात्र दुकानातल्या मालातून स्वतः नमुना उचलू शकतो. म्हणून आधी यवतमाळच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे लेखी तक्रार द्या, छायाचित्रे जोडा, पोच घ्या, आणि त्यानंतरच दुकानदाराशी बोला. डबा आधी परत गेला, तर मागोमाग दुकानातले बाकीचे डबेही नाहीसे होतील.

कृषीकेंद्रवाला

आणि त्या साध्या कागदावर दुकानदाराची सही आणि तारीख घेऊन ठेवा. बियाण्याच्या तक्रारीत आमच्याकडे लोक इथेच अडकतात.

वऱ्हाडी_मास्तर

सोमवारी शाळेची अर्धी रजा टाकून यवतमाळला जातो. तोपर्यंत बंद डबा माझ्या कपाटात, कुलपात आहे. कंपनीचे उत्तर आले तर ते इथेच टाकतो.