पावतीवर दोन पोती कमी: सोसायटीला दिलेलं पत्र मागे घ्यावं का?

धागाकर्ता: सिंधुदुर्गात आमची भातशेती आहे. हमीभावाला भात घातलं आणि नंतर सोसायटीला हे पत्र दिलं:

«मा. सचिव यांस, मी घरच्या प्लॅस्टिकच्या 30 गोण्या भात आणले. ते आपल्या ज्यूटच्या पोत्यांत भरताना मी 33 पोती मोजली. पावतीवर 31 पोती, 12 क्विंटल 40 किलो असे लिहिले आहे. दोन पोती कमी लावली आहेत, दुरुस्ती व्हावी.»

सचिव म्हणतात, पावतीवर तुमची सही आहे, पत्र मागे घ्या. घेऊ का?

निवृत्त गटसचिव: मागे घेऊ नका, पण पत्र बदला. पोत्यांच्या संख्येवर भांडाल तर हराल. तुमच्या 30 गोण्या, त्यांची 31 पोती, तुमची 33, तिन्ही आकडे खरेही असू शकतात, कारण गोणीला माप नसतं. वाद वजनाचा करा. घरी वजन केलं होतं का?

शेतकऱ्याचा मुलगा: काका, माफ करा, पण हे चुकीचं सांगताय. केंद्रावर भरती ठरलेली असते, पोत्यात 40 किलो. पावतीवरचं 12.40 कसं आलं? 31 गुणिले 40. तिथे संख्या म्हणजेच वजन, ती सोडली तर हातात राहतं काय? हमाल दाराच्या फळीवर खडूने चार उभ्या रेघा आणि एक आडवी मारतो, चहा आला की एक रेघ राहते. आमची अशीच राहिली होती.

गटसचिव: बरोबर बोललास, पण अर्धंच. 33 ची 31 होण्याला दोन रस्ते आहेत. एक म्हणजे तुझी रेघ राहिली. दुसरा म्हणजे रेघ एकही चुकली नाही, पण प्रत्येक पोत्यात 40 ऐवजी 42 भरले. तसं असेल तर मोजणी 31 च येणार, आणि तुमचे 33 सिद्ध करायला गेलात तर तुम्हीच खोटे पडाल. रिकामं ज्यूटचं पोतं साधारण अर्ध्या किलोच्या वर भरतं, म्हणून काट्यावर चाळीस आणि वर अर्धा-पाऊण किलो दिसला तर भरती ठीक. बेचाळीसच्या पुढे गेला तर तिथेच बोलायचं.

काजूवाला: आमच्या काजूबियांत पण असाच झाला. बारदानाचे पैसे कापले नि वर पोतीपण परत नाय दिली. तुम्ही पोत्यांचे पैसे मागा.

शेतकऱ्याचा मुलगा: दादा, इथे रिकाम्या पोत्यांचा वाद नाहीये.

मंडणगडकर: भात सुकलं असेल हो. ओलावा 17 टक्क्यांपर्यंत चालतो, सुकून 14 वर आलं की क्विंटलमागे साडेतीन किलो जातातच. उगाच संशय कशाला?

गटसचिव: हिशोब बरोबर, पण लागू नाही. गाडी सकाळी भरली आणि दुपारी तोलली, एवढ्या वेळात तीन टक्के कुठून जातील? ओलाव्याचं कारण गोदामात महिनाभर पडलेल्या मालाला.

धागाकर्ता: घरी ताणकाट्यावर पाचच गोण्या तोलल्या, सरासरी 44.5 किलो आली. म्हणजे 30 गोण्यांचे अंदाजे 1335 किलो. पावतीवर 1240.

गटसचिव: 95 किलोंचा फरक. 2369 च्या दराने सव्वादोन हजार. पाचांवरून तिसांचा अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, पण विचारायला पुरेसा आहे. आता पत्रात तीन मागण्या करा. बारदान नोंदवहीत त्या दिवशी किती रिकामी पोती निघाली आणि किती भरून जमा झाली, ते दाखवा. तुमची पोती अजून थप्पीत असतील तर त्यातली पाच तुमच्यासमोर तोला. आणि काट्यावर वैधमापनचा शिक्का कधीचा आहे, ते सांगा. पोच घ्या, आणि एक प्रत सहायक निबंधकांना द्या.

शेतकऱ्याचा मुलगा: सहीचं काय? लोक तिथेच अडतात.

गटसचिव: सही पावती मिळाल्याची. पण ती करताना ‘वजन मान्य नाही’ असं खाली लिहिलं असतं तर आज सोपं गेलं असतं, हेही खरं.

धागाकर्ता: आज जाऊन आलो. त्या दिवशी शेवटचा नंबर माझा होता, म्हणून दाराजवळच्या थप्पीत वरची दोन पोती माझी निघाली. शिपायाने तोलली, पोत्यासकट 41 किलो 900 आणि 42 किलो 300. बाकीची खाली दबली आहेत. नोंदवही ‘लेखापरीक्षणाला दिलीय’.

शेतकऱ्याचा मुलगा: पोत्याचं वजन वजा केलं तरी दीड किलो जादा. पण 31 पोत्यांना दीड-दीड किलो धरले तरी 47 च किलो होतात. उरलेल्या 48 चं उत्तर कोण देणार? रेघ तर राहिलीच की, काका!

गटसचिव: किंवा उरलेला ढीग झाडून केरात गेला. मी असताना ढीगही तोलून पावतीला लावायचो, आता कुणी लावत नाही. आणि वरची दोन पोती जड निघाली म्हणून खालची एकोणतीसही तशीच, असं मी म्हणणार नाही. थप्पी उतरवताना तिथे हजर राहा.

काजूवाला: थप्पी उतरवायची हमाली कोणाच्या नावावर?