आकडा नको, उतरण लिहा

> ‘रात्री डॉक्टरांना फोन केला की “बीपी कमी आहे” एवढंच तोंडून निघतं. एसबारमध्ये नेमकं काय लिहू?’

ताई, एसबारचे चार रकाने म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि मागणी; त्यात आधीचा आणि आताचा आकडा शेजारी मांडा. आतड्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्रीच्या पेशंटचं मी इथे पुण्यात असं लिहिलं होतं:

‘वय ५८, वजन ६० किलो. दहाला नाडी ८८, वरचं बीपी १३०. आता दोनला ११८ आणि ९६. श्वास १८ वरून २६. दोन तासांत लघवी ४० मिली, हवी होती निदान ६०. पोट कडक. टाक्यांची जोड गळून सेप्सिस होतोय असं वाटतं. पंधरा मिनिटांत येऊन बघा. तोवर सलाईन वाढवू का?’

अंदाज चुकला तरी चालेल, ती जागा कोरी सोडू नका. फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवा आणि वेळ टाका.