दहा-बारा दिवस दादाला बाहेर ठेवलं तर ते टाकून देणं होतं का?

मृणाल_सांगली
माझा दादा ३४ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, बुद्धीची वाढही कमी, बोलत नाही, फिट्सच्या गोळ्या चालू आहेत, वजन ५२ किलो. बाबा गेल्यापासून आई (६१) एकटीच सगळं करते. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललं जातंय कारण नंतर काही दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. मागच्या महिन्यात भरवताना तिने दादाच्या थोबाडीत मारली आणि मग तासभर रडत बसली. मी पुण्यात नोकरीला. मला वाटतं ऑपरेशनच्या वेळी दादाला दहा-बारा दिवस निवासी केंद्रात ठेवावं, मामा म्हणतो हे त्याला टाकून देणं झालं. तुमचं काय मत? कुणी असं केलंय का?

विनायक_रत्नागिरी
मी मामाच्या बाजूने. माझ्या धाकट्या भावाला आम्ही १९ वर्षं घरी सांभाळलं, तोही न बोलणारा, अंथरुणावरच. एकदा घरात लग्न होतं म्हणून चार दिवस एका संस्थेत ठेवला. आणायला गेलो तेव्हा माकडहाडावर लाल चट्टा होता, आम्हाला वाटलं उष्णतेने असेल, पण दोन दिवसात कातडी गेली आणि ती जखम भरायला तीन महिने लागले. तिथली माणसं वाईट नव्हती हो, पण रात्री चौदा जणांमागे एकच माणूस, तो किती जणांची कूस बदलणार? ज्याला बोलता येत नाही त्याचं कोण ऐकणार? घरीच दोन पाळ्यांना माणूस ठेवा, पैसे जातील तर जाऊ द्या.

स्मिता_नाशिक
काका, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं, आणि ती भीती खोटी नाहीच. पण मृणालच्या आईची अवस्था आधी बघायला हवी. माझी मुलगी २६ वर्षांची आहे, तिलाही सीपी. मी जेव्हा पार संपले होते तेव्हा बाहेरून कुणालाच कळलं नव्हतं कारण मुलगी स्वच्छ, जेवलेली, गोळ्या वेळेवर. पण मी स्वतःची बीपीची गोळी आठवड्यातून दोनदा विसरत होते, ती शांत झोपलेली असली तरी रात्री दोनला दचकून उठत होते, आणि एक दिवस लक्षात आलं की तिने आवाज केला की माझ्या पोटात राग येतो. तोपर्यंत तो आवाज मला लाडका होता. नुसतं दमलेलं माणूस दोन रात्री नीट झोपलं की पूर्वीसारखं होतं, मी झोपूनही तशीच राहत होते. थोबाडीत मारणं हे त्यातलंच आहे मृणाल, आईला त्याबद्दल बोलू नकोस, पण सोडूनही देऊ नकोस, पुढच्या वेळी ती दादाला उचलताना धसमुसळेपणा करेल आणि तिला कळणारही नाही.

घरी माणूस ठेवण्याबद्दल. ब्युरोकडून आलेल्या ताई चांगल्या असतात, पण एक सुट्टीवर गेली की दुसरी येते आणि तिला काहीच माहीत नसतं. मग आईच उठते. ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब घालून पलंगावर पडलेली आई, आणि बाहेरच्या खोलीत दादा ओरडतोय, अशा वेळी ती उठणार नाही असं मला तरी वाटत नाही.

प्रसाद_ठाणे
एवढी चर्चा कशाला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहू भत्ता आहे. सरकारकडून घ्यायचा आणि त्यात चोवीस तासांचा माणूस ठेवायचा. लोक अर्जच करत नाहीत.

स्मिता_नाशिक
प्रसाद, कायद्यात तो शब्द आहे हे खरं. पण तो ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी, आणि त्याच कलमात सरकारने आपल्या आर्थिक कुवतीप्रमाणे योजना कराव्यात असंही लिहिलंय, म्हणजे राज्य योजना आणेल तेव्हाच पैसे हातात. केरळमध्ये सांभाळणाऱ्यांसाठी आश्वासकिरणम नावाची योजना आहे, तिची रक्कम महिना ६०० रुपये. त्यात चोवीस तासांचा माणूस सोडा, महिन्याचे डायपर येत नाहीत. या भरवशावर ऑपरेशनची तारीख घेऊ नये.

शुभदा_गोवा
मृणाल, माझं ऐक, कायमचं ठेवणार असशील तर आधी पालकत्वाचे कागद कर. माझ्या मावसभावाच्या वेळी आम्ही हे केलं नव्हतं आणि आईवडील दोघंही गेल्यावर बँकेत, दवाखान्यात सगळीकडे अडलो. भाऊ १८ च्या पुढे गेला की आईसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाही. आईच्या नंतर काय हा विचार आत्ताच करा.

मृणाल_सांगली
शुभदाताई, कायमचं नाही हो! फक्त दहा-बारा दिवस. पण पालकत्वाचं आम्ही खरंच काही केलेलं नाही, बाबा होते तेव्हा कधी गरजच पडली नाही.

शुभदा_गोवा
अगं सॉरी, घाईत वाचलं. पण तरी कर. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक समिती असते, कलेक्टर अध्यक्ष असतात, तिथे अर्ज करायचा. सेरेब्रल पाल्सी त्यात येते. केंद्रात असताना अचानक दवाखान्यात न्यायची वेळ आली तर सही कोणाची हा प्रश्न येतोच.

स्मिता_नाशिक
हो, आणि त्याच ट्रस्टची समर्थ नावाची योजना मुळात थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी होती, पुढे ती घरौंदा या कायमच्या निवासाच्या योजनेला जोडली. तुमच्याजवळ नोंदणी झालेलं केंद्र आहे का ते विचार, सगळ्या जिल्ह्यात नसतात. आणि फोनवर पहिल्याच मिनिटात सांगायचं, फिट्स येतात, भरवावं लागतं, उचलावं लागतं. बऱ्याच ठिकाणी यावरच नाही म्हणतात, मग उगाच तीन खेपा होत नाहीत.

आता आम्ही कसं केलं ते. थेट बारा दिवस अजिबात नाही. आधी मुलीला तीन तास नेलं, मी गेटबाहेर बसले. मग पूर्ण दिवस, दुपारचं जेवण तिथे. मग शनिवारची एक रात्र. मग तीन रात्री. सगळं मिळून दोन महिने गेले. पूर्ण दिवसाच्या वेळी कळलं की ती जेवलीच नाही, कारण स्टीलच्या ताटात वाढलं होतं आणि ती घरी कायम तिच्या निळ्या वाटीत खाते. ही गोष्ट मला सांगायची सुचलीच नव्हती, मला ती गोष्टच वाटत नव्हती. एका रात्रीच्या वेळी कळलं की रात्रीची गोळी साडेआठऐवजी साडेदहाला दिली, कारण तिथली रात्रपाळी दहाला सुरू होते. बारा दिवसांसाठी थेट सोडली असती तर रोज तेच झालं असतं आणि फिट आली असती. हे सगळं आम्ही वहीत लिहीत गेलो, दोन पानं झाली, आणि ती वही आजही तिच्याबरोबर जाते.

रात्रपाळी_सिस्टर
मी अशा निवासी केंद्रात सहा वर्षं काम केलंय. काकांनी सांगितलं ते होतं, नाकारत नाही. पण नातेवाईक कपड्यांची बॅग आणि गोळ्यांची पिशवी देऊन निघून जातात हेही होतं.

सोडताना आणि आणताना दोन्ही वेळा आमच्यासमोर अंग बघायचं, माकडहाड, कुल्ले, टाचा, कान. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर थोड्या वेळात जातं, दाबूनही लालच राहिलं तर ती जखमेची सुरुवात आहे, त्या जागेवर परत झोपवायचं नाही. काकांच्या भावाचं त्याच दिवशी असं बघितलं असतं तर कदाचित जखम एवढी वाढली नसती.

वहीत तीन गोष्टी हव्यातच. कसं भरवायचं, म्हणजे बसवून की टेकवून, घट्ट की पातळ. पाण्याने ठसका लागत असेल तर ते मोठ्या अक्षरात लिहा, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही हेही. दुसरं, दुखलं की तो काय करतो. कुणी हात चावतं, कुणी एकदम गप्प होतं, हे फक्त आईला माहीत असतं. तिसरं, फिट कशी दिसते, नेहमी किती वेळ चालते, आणि पाच मिनिटांच्या वर गेली तर काय करायचं. डॉक्टरांनी नाकातला स्प्रे लिहून दिला असेल तर स्प्रे आणि चिठ्ठी दोन्ही बरोबर द्या. आणि पोट कधी साफ झालं याची रोज नोंद मागा. जागा बदलली की पहिल्या तीन-चार दिवसांत पोट अडतं, अंग जास्त कडक होतं, आणि सगळे म्हणतात घरची आठवण येतेय.

मृणाल, एक वेगळाच विचार करून बघ. दादाऐवजी आईला बाहेर काढता येईल का? ती पुण्यात तुझ्याकडे ऑपरेशन करून दहा दिवस राहिली, आणि सांगलीला मामा रात्री मुक्कामाला, दिवसा पाळीची ताई. दादाची जागा, वाटी, पलंग सगळं तेच राहतं. ती ताई मात्र ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे येऊन आईच्या हाताखाली शिकायला हवी. पलंगाची उंची सांभाळणाऱ्याच्या कमरेएवढी करा आणि ५२ किलो एकट्याने उचलायचे नाहीत, चादरीवरून दोघांनी सरकवायचं, नाहीतर मामांची पाठ चौथ्या दिवशी जाईल.

विनायक_रत्नागिरी
सिस्टर, हे मला पटतंय. आईनेच बाहेर जावं. मामा टाकून देणं म्हणतोय ना, तर दहा रात्री त्याने काढाव्यात, तेव्हा त्यालाही कळेल बहिणीने काय काढलंय.

पण केंद्राबद्दल माझं मत बदललेलं नाही. न बोलणाऱ्या माणसाला मी परत सोडणार नाही.

स्मिता_नाशिक
काका, तुमचा अनुभव माझ्या वाट्याला आला असता तर मीही कदाचित असंच म्हटलं असतं. फक्त एक सांगते. आईला पुण्याला नेऊन हे ऑपरेशन पार पडेल, पण दुसरा डोळा? गुडघे? मामा दर वेळी येईल? दादाला घराबाहेर झोपायची थोडी सवय आत्ता, आई धडधाकट असताना लागली, तर पुढे अचानक ॲम्ब्युलन्समधून थेट अनोळखी जागी जायची वेळ येणार नाही. माझ्या ओळखीत एका घरात तेच झालं, आई पडली, मुलाला त्याच रात्री कुठेतरी न्यावं लागलं, तो चार दिवस पाणी प्यायला नाही.

विनायक_रत्नागिरी
यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे बायको आणि मी दोघं होतो.

मृणाल_सांगली
काल रात्री आईला फोन केला. सिस्टरने सांगितलेलं विचारलं, दादाला दुखलं की तो काय करतो. आई म्हणाली डाव्या हाताने चादर ओढतो. मी त्याची सख्खी बहीण, ३१ वर्षांची, मला हे माहीत नव्हतं. मग ती अर्धा तास सांगत होती आणि मी लिहीत होते, तीन पानं झाली, मध्ये एकदाही ती दमलेली वाटली नाही.

केंद्राचं नाव काढल्यावर मात्र गप्प झाली. आधी म्हणाली नको. मग विचारलं, तीन तासांसाठी नेलं तर मला बाहेर बसू देतील का? मी हो म्हटलंय. पुढच्या शनिवारी सांगलीला जातेय, एका केंद्रात फोन करून फिट्सचं आणि भरवण्याचं आधीच सांगितलं, ते बघायला या म्हणाले. ऑपरेशन पुण्यात करायचं हे मामाला अजून सांगितलेलं नाही. दहा रात्रींचं त्याला कसं विचारायचं तेच कळत नाहीये. फोनवर की समोर बसून?

विनायक_रत्नागिरी
समोर बसून. आणि ती तीन पानं त्याच्या हातात दे, आधी वाचू दे.