मदत हवी आहे : छतावर ३ किलोवॅट सोलर, कडक ऊन, आणि लाइट गेली की पंखासुद्धा फिरत नाही

कऱ्हाडकरीण
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये घरावर सोलर बसवलं, ५४५ वॅटची ६ पॅनेल, ३ किलोवॅटचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आणि नेट मीटर. बिल आता नावालाच येतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते, सकाळी १० ला गेली की ४ लाच येते, म्हणजे नेमकं जेव्हा छतावर ऊन रटरटत असतं तेव्हाच. लाइट गेली की इन्व्हर्टरमधून टक्क असा आवाज येतो, लाल दिवा लागतो आणि स्क्रीनवर `NO-Grid` येतं, बास, मग दिवसभर ते तसंच. लाइट परत आली तरी लगेच सुरू होत नाही, आधी आकडे उलटे मोजत बसतो आणि मगच चालू होतो.
बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणे मॅडम ते तसंच असतं. अहो पण का? मुलगी घरून काम करते, सासूबाईंना उकाडा सहन होत नाही. घरात जुना ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आहे (ती दोन वर्षांची आहे), ती दुपारी एक-दीडपर्यंत मान टाकते. दिवसा तरी पॅनेलवर पंखे, वायफाय, लॅपटॉप आणि जमलं तर फ्रिज चालवता येईल का? हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी मिळून दीड लाखाच्या वरचं कोटेशन आलंय, तेवढे आत्ता नाहीत.

आप्पा_तासगाव
ताई तुम्हाला फसवलं बहुतेक. माझ्या मळ्यात ५ एचपीचा सोलर पंप आहे, ना लाइट ना बॅटरी, ऊन पडलं की पाणी चालू. लाइटचा आणि त्याचा संबंधच नाही. कंपनीला धरा.

गण्या_भाऊ
फसवलं वगैरे नाही. ऑन-ग्रिडला समोर २३० व्होल्ट दिसावे लागतात मगच तो चालू होतो, एवढीच त्याची अट. मग तुमच्या घरच्या इन्व्हर्टरचं आउटपुट त्याला दाखवा ना, त्याला वाटेल लाइट आलीय. जुगाड फुकटात होतं. माझ्याकडे महिनाभर चालू आहे, मधूनमधून घरचा इन्व्हर्टर बीप बीप करतो तेवढंच.

खांबावरचा
गण्या भाऊ, आधी तुमच्या सोलरचा एसी आयसोलेटर स्विच खाली पाडा, मग बाकीचं वाचा.
ताई, मी बरीच वर्षं खांबावर चढून कामं केली आणि आता सोलर फिटिंग करतो, त्यामुळे दोन्हीकडून सांगतो. गुरुवारी डीपीवर माणूस काम करत असतो. तुमचा इन्व्हर्टर चालूच राहिला तर तुमचा करंट सर्व्हिस वायरने उलटा डीपीत जाणार, आणि डीपी उलटीही चालते, इकडून २३० दिले की तिकडे ११ हजारांच्या लाइनवर व्होल्टेज चढतं. लाइन मेली समजून हात लावणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको. आम्ही अर्थिंग करूनच कामाला लागतो, पण कोणाच्या छतावरून काय येईल याच्या भरवशावर कोण राहणार? म्हणून ऑन-ग्रिड इन्व्हर्टरने लाइट गेल्यावर २ सेकंदांच्या आत स्वतःला तोडून घ्यायचं असा नियमच आहे, तो टक्क आवाज म्हणजे आतला रिले सुटला. आणि तो नुसता व्होल्टेज बघत बसत नाही हं, चालू असताना तो फ्रिक्वेन्सीला सारखा हळूच ढकलून बघत असतो. मागे खरी ग्रिड असेल तर ती ५० हर्ट्झवरून हलत नाही, आणि हलली तर याला कळतं की मागे कोणी नाही. लाइट आल्यावर जे उलटे आकडे दिसतात ना, ते लाइट खरंच टिकतेय का याची खात्री करणं असतं.
दुसरं कारण तुमच्या फ्रिजचं आहे. हा इन्व्हर्टर दिंडीतल्या टाळकऱ्यासारखा असतो, मृदंग चालू असला की बरोबर ठेका धरतो, पण मृदंगच थांबला तर स्वतः ठेका देऊ शकत नाही. त्यात ढग आला की पॅनेल २ किलोवॅटवरून ५०० वॅटवर येणार आणि त्याच वेळी फ्रिजने झटका मारला तर तो करंट आणायचा कुठून? साठवण तर कुठेच नाही.
आप्पा, तुमचा पंप या भानगडीत पडतच नाही. त्याचा कंट्रोलर ढग आला की मोटरच हळू फिरवतो, पाण्याची धार बारीक होते आणि तुम्हाला काही वाटत नाही. फ्रिजला किंवा लॅपटॉपला तसं "आज जरा कमी व्होल्टेजवर चाल" म्हणता येत नाही.

आप्पा_तासगाव
हां मग बरोबर. धार बारीक होते खरी.

गण्या_भाऊ
माझा लाइनशी संबंध नाही राव, मेन खाली पाडूनच करतो. मग लाइनमनला काय धोका?

खांबावरचा
मेन पाडायला एक दिवस विसरलात की धोका. पण तो बाजूला ठेवला तरी हिशोब करा. लाइट गेली, घरात ३०० वॅटचा लोड आणि सोलर देतोय २०००. ऑन-ग्रिडला मागेपुढे कळत नाही, उन्हातून जेवढं मिळतं तेवढं तो ढकलणार. उरलेले १७०० वॅट उलटे तुमच्या घरच्या इन्व्हर्टरमध्ये घुसणार आणि तिथून बॅटरीत, म्हणजे १२ व्होल्टला साधारण १२० अँपिअर. १५० एएचच्या बॅटरीला १५ ते २० अँपिअरने चार्ज करायचं असतं. तो बीप बीप त्याचाच आहे. एक दिवस मॉसफेट जाईल नाहीतर बॅटरी उकळेल. जनरेटरलाही हेच लागू, छोट्या जनसेटवर ऑन-ग्रिड लावून ठेवणारे पण भेटतात.
तुमची आयडिया अगदीच चूक नाही, तिला एसी कपलिंग म्हणतात, पण त्याला बॅटरीकडे उलटी पॉवर घेऊ शकणारा वेगळा इन्व्हर्टर लागतो. बॅटरी भरत आली की तो मुद्दाम फ्रिक्वेन्सी ५१, ५२ कडे चढवतो आणि ते बघून सोलर हात आखडतो. बॅटरी पण मोठी लागते. बाजारातल्या साध्या घरगुती इन्व्हर्टरला यातलं काहीच येत नाही.
आणि ताई, तुम्ही पण एक बघा, कारण तुमच्याकडे दोन्ही आहेत. येत्या गुरुवारी लाइट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर चालू असताना सोलरच्या स्क्रीनवर ग्रिड व्होल्टेज किती दाखवतो? शून्याजवळ पाहिजे. २२० वगैरे दाखवून आकडे मोजायला लागला तर वायरिंग चुकलंय, सोलर घरच्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर जोडला गेलाय, लगेच एसी आयसोलेटर बंद करा.

न्यू_जर्सीकर
आमच्याकडे एसएमए सनी बॉयला एक वेगळा सॉकेट मिळतो, लाइट गेली की दिवसा त्यावर २००० वॅटपर्यंत चालतं, बॅटरी नाही. पण ढग आला की तो सॉकेट जातो, त्यामुळे फोन आणि लॅपटॉपच्या पुढे मी त्यावर काही लावत नाही. तिकडे विचारून बघा.

बाणेरची_गच्ची
मी हायब्रिड घेतला. छान चालतो, लाइट गेलेली घड्याळावरून पण कळत नाही. पण बॅकअपचं आउटपुट वेगळं असतं, त्यावर घरातले ठरावीक पॉइंटच घ्यायचे, आमच्या इलेक्ट्रिशियनने गीझरचा पॉइंट त्यावर ठेवला आणि पहिल्याच दिवशी ट्रिप. आणि बॅटरी न घेता नुसता हायब्रिड घेऊन ठेवू नका, आमच्या मॉडेलला बॅटरीशिवाय बॅकअप मिळतच नाही.

कऱ्हाडकरीण
सगळ्यांचे आभार, टाळकऱ्याचं उदाहरण सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या आता कळलं. काल गुरुवार होता, बघितलं, स्क्रीनवर ० व्होल्ट. म्हणजे वायरिंग ठीक ना?
आता माझा लोड : २ पंखे, लॅपटॉप, राउटर, २ दिवे, फ्रिज. पंप आणि मिक्सर नको. स्वस्तात काय?

खांबावरचा
० म्हणजे ठीक.
स्वस्तातला मार्ग म्हणजे छतावरच्या ६ पॅनेलना हातच लावायचा नाही. एक पॅनेल वेगळं घ्यायचं, ५४० च्या आसपासचं, आणि ते चार्ज कंट्रोलरमधून थेट तुमच्या जुन्या बॅटरीला. घरचा इन्व्हर्टर आहे तसाच राहील, फक्त बॅटरी संपायच्या ऐवजी वरून भरत राहील.
हिशोब असा. दोन साधे पंखे १४०, लॅपटॉप ६०, राउटर १०, दिवे २०, फ्रिज सरासरी ६०, मिळून २९० वॅट. ६ तासांचे पावणेदोन युनिट, इन्व्हर्टरमध्ये जाणारं धरून २ च्या थोडं वर. स्वच्छ उन्हात एक पॅनेल १० ते ४ मध्ये साधारण पावणेदोन युनिट देतं. उरलेलं बॅटरीने द्यायचं, म्हणजे तिच्यावर फार ताण नाही. पंखे बीएलडीसी केले तर १४० चे ६०-७० होतात, मग चिंताच नाही. आता मात्र तुमची बॅटरी एकटीच हे सगळं ओढते, आणि तिच्यातून कामाला येणारं जेमतेम १ युनिट, म्हणून ती दीडला मान टाकते.
एका गोष्टीत फसू नका. दुकानदार पीडब्ल्यूएम कंट्रोलर देईल, स्वस्त म्हणून. तुमचं पॅनेल ४० व्होल्टच्या वर चालणारं, करंट १३ अँपिअर. पीडब्ल्यूएम त्याला ओढून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणतो, १३ गुणिले १३ म्हणजे १७० वॅट, बाकीचं पॅनेल पाण्यात. एमपीपीटीच घ्या, तो पॅनेलच्या जास्तीच्या व्होल्टेजचा करंट करून बॅटरीला देतो, ४० अँपिअरचा, पॅनेलच्या बाजूला १०० व्होल्ट सोसणारा. ओळखायचं कसं? भर दुपारी लाइट नसताना, लोड चालू असताना, स्क्रीनवर बॅटरीकडे जाणारा करंट बघा. १३ च्या पुढे जातच नसेल तर डब्यावर एमपीपीटी छापलेलं असलं तरी आत पीडब्ल्यूएम आहे.
फ्रिजचं मी आत्ता हो म्हणत नाही. ९०० व्हीएवर जुन्या कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा झटका सोसेल की नाही ते लावूनच कळेल.

गण्या_भाऊ
पण बाकीचे सहा दिवस लाइट असते तेव्हा ते पॅनेल वायाच ना? बॅटरी तर ग्रिडवरून भरलेलीच असणार.

खांबावरचा
हा मुद्दा बरोबर पकडलात. बऱ्यापैकी वाया. सोलरला आधी मान देणारा इन्व्हर्टर, ज्याला पीसीयू म्हणतात, तो घेतला तर ते वाचतं, पण मग जुना इन्व्हर्टर काढावा लागेल. आणि पावसाळ्यात कराडच्या ढगात त्या पॅनेलकडून तिसरा हिस्सा जरी मिळाला तरी पुष्कळ, तेव्हा फ्रिज सोडून द्यायचा. तुमचा जुगाड बंद केलात का?

गण्या_भाऊ
आयसोलेटर पाडलाय. बॅटरीचं पाणी बघितलं, दोन सेल कोरडे.

कऱ्हाडकरीण
एक पॅनेल आणि एमपीपीटीचं कोटेशन मागवलंय. जागा जिन्याच्या टोपीवर आहे, पण दुपारी ३ नंतर शेजारच्या टाकीची सावली येते. आणि आमचा बसवणारा म्हणतो नेट मीटर असताना वेगळं पॅनेल लावलं तर वीज कंपनीची परवानगी लागेल.

बाणेरची_गच्ची
मला हायब्रिडसाठी कागद परत द्यावे लागले होते. तुमचं ग्रिडला जोडलेलंच नाही, मग कशाला लागेल?

खांबावरचा
बॅटरीपुरतं आहे, लाइनला जातच नाही, त्यामुळे मला तरी गरज वाटत नाही. पण सेक्शन ऑफिसला लेखी विचारून ठेवा, नंतर तपासणीला येणारा माणूस छतावरची ७ पॅनेल मोजतो आणि कागदावर ६ असतात. सावलीचं मात्र बघा ताई, अर्ध्या पॅनेलवर सावली आली तरी अर्ध्याहून जास्त पॉवर जाऊ शकते. टाकी कोणत्या बाजूला आहे? फोटो टाका.