"आत्या त्याच्या प्रेमात आहे म्हणजे काय?" सहा वर्षांच्या मुलीला काय सांगावं?

गौरी_नाशिक

मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. आम्ही एकत्र राहतो, नणंद बँकेत आहे. तिने मागच्या रविवारी घरात सांगितलं की तिला एक मुलगा आवडतो आणि दोघांना लग्न करायचंय. सगळ्यांना पसंत आहे, तो प्रश्न नाही. सासूबाई फोनवर बहिणीला म्हणाल्या, "पोरगी त्याच्या प्रेमात आहे." रात्री झोपताना मुलगी मला म्हणाली, "आई, आत्या त्याच्या प्रेमात आहे म्हणजे आता माझ्यावर नाही करणार का?" मी "मोठी झालीस की कळेल" म्हणून वेळ मारून नेली. तेव्हापासून ती आत्याजवळ फिरकत नाही. यांचं म्हणणं, या वयात हा विषयच नको. मला पटत नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?

दत्ता_सर

तुमच्या मिस्टरांशी मी सहमत आहे. बी.एड.ला बालमानसशास्त्रज्ञ पियाजे शिकलो, तेव्हापासून एक गोष्ट पक्की डोक्यात आहे: सातेक वर्षांपर्यंत मुलांना अमूर्त कल्पना झेपत नाहीत. प्रेम ही तर मोठ्यांनाही न झेपणारी. "आत्याचं लग्न ठरलंय, नवे काका येणार, तुला नवा परकर-पोलका शिवायचा" एवढं पुरे. जास्त सांगितलंत तर उद्या वर्गात बोलेल आणि बाकीची मुलं तिलाच चिडवतील. हे मी दरवर्षी बघतो.

स्वप्ना_के

पहिलीतल्या मुलीला हे सगळं कशाला? लग्नानंतर काय होतं, बाळ कुठून येतं, हे विषय निदान पाचवी-सहावीपर्यंत थांबू शकतात. शाळेत शिकवतीलच.

गौरी_नाशिक

स्वप्नाताई, तिने तसलं काहीच विचारलेलं नाही. तिला फक्त आत्या आपली राहील का ते हवंय.

बालवाडीची_ताई

गौरी, हे शेवटचं वाक्य तू बरोबर पकडलंस. मी बावीस वर्षं बालवाडी चालवते. या वयाचं मूल प्रेमाची व्याख्या विचारत नसतं, ते हिशोब विचारत असतं.

दत्ता सर, पियाजेचाच दाखला घेऊ. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी भरायचं, मग मुलासमोर एकातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतायचं. पाच-सहा वर्षांचं मूल म्हणतं, यात जास्त झालं. पातळी वर दिसली ना! आत्याच्या बाबतीत ही मुलगी तेच करतेय. त्या मुलाकडची पातळी वर चढलेली तिला दिसतेय, म्हणजे आपल्याकडची उतरली असणार. आपण गप्प बसलो म्हणून ती हिशोब करायची थांबत नाही, फक्त एकटीने करते. आणि अमूर्त विचार नीट जमायला पियाजेच्याच मते अकरा-बारा वर्षं उजाडतात. मग सातव्या वर्षीही सांगता येणार नाही.

पण सांगता येतं, कारण भावना मुलांना व्याख्येतून कळत नाहीत, माणूस काय करतो त्यावरून कळतात. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधक बायकांनी तान्ह्या मुलांसमोर ब्रोकोली चवीने खाऊन दाखवली, खारी बिस्किटं मात्र तोंड वाकडं करून. मग "मला दे" म्हणून हात पुढे केला. चौदा महिन्यांच्या मुलांनी स्वतःला आवडणारी बिस्किटं दिली. अठरा महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. समोरच्याची आवड आपल्यापेक्षा वेगळी असू शकते, इतकं दीड वर्षाच्या पोराला कळतं. सहा वर्षांच्या मुलीला आत्याला कोण आवडतं ते कळणार नाही का?

माझ्याकडे एक मुलगा होता, साडेपाच वर्षांचा. मामाचं लग्न ठरलं आणि हा डबा खाईना. मी काही सांगायच्या आधी विचारलं, "मामा हल्ली काय वेगळं करतो रे?" म्हणाला, "फोन आला की गॅलरीत जातो. एकटाच हसतो." अजून? "आजीने चिक्की केली तर दोन वड्या कागदात बांधून ठेवल्या." मग म्हटलं, बघ, तुला तर सगळं माहीत आहे. एका माणसाची सारखी आठवण येते, काही छान मिळालं की आधी त्याला द्यावंसं वाटतं आणि रोज एकाच घरात राहावंसं वाटतं, त्याला मोठी माणसं "प्रेमात आहे" म्हणतात. तुझ्यावर मामाचं प्रेम आहे ते तू जन्मलास तेव्हापासूनचं. ते तिकडे जात नाही.

इथे थांबले असते तर खोटी ठरले असते. कारण मामा खरंच कमी भेटणार होता. "काहीही बदलणार नाही" असं आपण म्हणतो आणि पुढच्या महिन्यात मूल डोळ्यांनी बदल बघतं. मग आपली पुढची सगळी उत्तरं वाया. म्हणून सांगितलं, प्रेम कमी होणार नाही, वेळ मात्र कमी होईल. तो लगेच म्हणाला, "मग रविवारी?" मामाने रविवार सकाळ ठरवून दिली. डबा संपायला त्यानंतरही दहा-बारा दिवस लागले.

तुझ्या मुलीच्या प्रश्नातच एक सोय आहे बघ. त्याच्या *प्रेमात*, माझ्या*वर*. आईच्या प्रेमात आहे असं कोणी म्हणत नाही, आईवर प्रेम असतं. आपल्या भाषेने दोन गोष्टी आधीच वेगळ्या ठेवल्यात, त्या तिला तशाच दाखव.

अ‍ॅड_सुनीती

ताईंचं सगळं पटलं, एक भर घालते. प्रेम समजावताना पप्पी, मिठी आणि गुपित या तीन गोष्टींवर उभं करू नका. माझ्याकडे पॉक्सोची प्रकरणं येतात. हा २०१२ चा कायदा मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी आहे, आणि त्यातला माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. तो मुलाला हेच सांगतो: माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे आपलं गुपित. म्हणून त्या मामासारखी आत्याही फोन घेऊन गॅलरीत जात असेल, तर मुलीला सांगा की आत्याला बोलायला शांतता हवी असते, पण ती कोणाशी बोलते ते घरात सगळ्यांना माहीत आहे. जे प्रेम आईला सांगायचं नाही असं कोणी म्हणेल, ते आधी आईलाच सांगायचं. यात घाबरवण्यासारखं काही नाही, एका वाक्यात होतं.

विलासराव_सातारा

माझं लग्न १९७४ चं. मुलगी एकदा पाहिली, पोहे खाल्ले, होकार कळवला. आमच्या घरात प्रेम हा शब्द कोणी उच्चारत नसे. "जीव आहे त्याचा तिच्यावर" म्हणत, नाहीतर "माया आहे". नातीने मध्यंतरी विचारलं, आजोबा, तुम्ही आजीच्या प्रेमात पडला होता का? मी सांगितलं, पडलो वगैरे नाही, हळूहळू झालं. गेल्या वर्षी हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालायचे होते. हिला डोळा उघडा ठेवता येत नसे. मी पापणी बोटाने वर धरायचो आणि ही माझं मनगट घट्ट धरून बसायची. नात शेजारी बसून थेंब मोजत असे. मी तिला म्हटलं, हेच ते.

त्यामुळे ताईंची चिक्की आणि एकट्याने हसणं मला अपुरं वाटतं. मुलाला वाटेल की नवं नवं असतं तेवढंच प्रेम. मग आपल्या आई-बाबांकडे बघून ते काय समजेल? ते काही गॅलरीत जाऊन हसत नाहीत.

बालवाडीची_ताई

काका, तुमचं खरं आहे. पण गौरीच्या मुलीला थेंब अजून दिसलेले नाहीत, आत्याचं हसणं दिसलंय. जे दिसतं तिथून सुरुवात करावी असं मला वाटतं.

एक_आई

मला ताईंच्या उत्तराची दुसरी बाजू माहीत आहे. आमचा प्रेमविवाह. मुलाला लहानपणी हौसेने सांगायचे, आई-बाबा प्रेमात पडले, मग लग्न झालं, मग तू आलास. तो सात वर्षांचा असताना आम्ही वेगळे झालो. आंघोळ घालताना विचारलं त्याने, "तुमचं संपलं, मग माझ्यावरचं कधी संपणार?" माझ्याच गोष्टीतून त्याने ते काढलं होतं. एकातून दुसरं आलं असेल तर एक गेल्यावर दुसरंही जाणार, असं.

नंतर मी वेगळं सांगायला लागले. बाबा आणि मी आधी एकमेकांना ओळखत नव्हतो. भेटलो, आवडलो, एकत्र राहायचं ठरवलं. ठरवलेलं कधी कधी मोडतं. तुला आम्ही तसं ठरवून निवडलेलं नाही, तू आमचाच आहेस, ते मोडत नाही. एकदा सांगून भागलं नाही. पुढचं जवळजवळ वर्षभर तो तोच प्रश्न विचारत राहिला, बहुतेक आंघोळीच्या वेळी, आणि मी तेच शब्द तसेच सांगत राहिले. शब्द बदलले की तो थबकायचा.

म्हणून गौरी, आत्याच्या प्रेमाला "कायमचं" हा शब्द लावू नकोस. तो शब्द मुलीसाठी ठेव.

दत्ता_सर

वाचतोय सगळं. पेल्यांचा प्रयोग मला परीक्षेपुरता आठवत होता, असा लावून बघितला नव्हता. सांगायला हरकत नाही, इथवर मी आलो. पण माझी भीती गेलेली नाही. दुसरीच्या वर्गात एका मुलाने एका मुलीला पेन्सिल दिली. "हा हिच्या प्रेमात" असं सुरू झालं आणि ती मुलगी आठ दिवस बाकाच्या टोकाला सरकून बसायची. चिडवणारी मुलं हे घरातूनच शिकून येतात. पाहुणेच विचारतात ना, काय रे, वर्गात गर्लफ्रेंड कोण? शब्द दिला की त्याचा दगडही होतो. त्यापेक्षा शब्द न दिलेला बरा, असं मला अजूनही वाटतं.

अ‍ॅड_सुनीती

शब्द तिला आजीच्या फोनवर मिळालाय, सर. आता फक्त अर्थ कोण देणार एवढंच राहिलंय. वर्गात मिळण्यापेक्षा घरी मिळू दे.

दत्ता_सर

घरी मिळालेला अर्थ वर्गात टिकत नाही, हाच माझा अनुभव आहे. असो.

गौरी_नाशिक

सगळ्यांचे आभार. काल बोलले तिच्याशी. ताईंनी सांगितलं तसं आधी विचारलं, आत्या हल्ली काय वेगळं करते? मला वाटलं होतं फोन, नटणं असं काहीतरी सांगेल. म्हणाली, "माझी वेणी घालताना मध्येच थांबते आणि फोन बघते. मग भांग वाकडा होतो." रोज सकाळी शाळेच्या आधी वेणी आत्याच घालते. आम्हा कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी प्रेमात असणं आणि कोणावर प्रेम असणं हे दोन्ही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्याची आठवण येते तेव्हा ती वेणी सोडते." म्हटलं हो, आणि ते तिने करायला नको. नणंदेला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आज सकाळी फोन आत ठेवून वेणी घातली, रिबिनीसकट. मुलगी काही बोलली नाही, पण आरशातून आत्याकडे बघत होती.

यांना अजून पटलेलं नाही. विलासकाकांचं थेंबांचं मात्र मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन परत वाचलं.

लग्न डिसेंबरात, नंतर आत्या पुण्याला जाणार. मग वेणी कोण घालणार हे मुलीने अजून विचारलेलं नाही. नणंदेशी बोलून ठेवलंय: दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, त्यातला एक शनिवार नाशिकचा.